कायम होईपर्यंत

रोह्याच्या कंपनीचं ऑफर लेटर आलं तेव्हा घरात आधी पेढे आले आणि मग ते पत्र कोणीतरी वाचलं. वाचणारी मी. मी तेव्हा पेणला तहसील कचेरीसमोर एका वकिलांकडे टायपिंग करायचे. खरेदीखतं, भाडेकरार, नोटिसा बडवून बडवून माझ्या बोटांना एवढं कळलं होतं की कागदावर गोड भाषा असते ती वरच्या पानावर, आणि खरं काय ते मधल्या कलमांत. त्यामुळे पेढा हातात धरून मी आधी दुसरं पान उलटलं. सासरे म्हणाले, "पेढा तरी खा गो. कागद कुटं पलून चाललाय?"

माझा नवरा बी.एस्सी. झालेला. पेणजवळच्या एका छोट्या कारखान्यात तो चांगली काही वर्षं कायम होता. पगार बेताचा, पण दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हातात पडायचा आणि मालक नावानं हाक मारायचा. रोह्याची कंपनी मोठी, केमिकलची. तिथे हुद्दा मिळणार होता ज्युनिअर ऑफिसरचा, प्रॉडक्शन खात्यात. पगार आत्ताच्या दीडपट. आमच्या खाडीकाठच्या गावातून ऑफिसर झालेला तोच पहिला, म्हणून सासऱ्यांनी पेढे आणले होते. त्यांचा सगळा जन्म मिठागरात गेला. पायाला मिठानं पडलेल्या भेगा पावसाळ्यातसुद्धा बुजायच्या नाहीत. मुलगा बूट घालून कंपनीच्या बसमध्ये चढणार, याचंच त्यांना अप्रूप.

पत्र इंग्रजीत होतं. मी चौथ्या कलमाशी थांबले आणि सासऱ्यांनाही कळावं म्हणून नवऱ्याला मराठीत सांगायला लागले.

"पयले सहा महिने प्रोबेशन. त्या काळात ठरावीक एकच रक्कम. घरभाडं नाय, बाकीचे भत्ते नाय, ते सगले कन्फर्म झाल्यावर. म्हंजे दीडपट पगार लिवलाय तो कन्फर्म झाल्यावरचा. आत्ता आपल्याला पेणपेक्षा थोडंच जास्त मिलनार."

"सहा महिने काय, असे जातील," तो म्हणाला.

"पुढं ऐका. प्रोबेशनमध्ये सात दिवसांची नोटीस, नायतर सात दिवसांचा पगार हातावर ठेवून कंपनी कवाबी काढू शकते. कारन सांगायची गरज नाय. तुमाला सोडायचं असंल तरी सातच दिवस. कन्फर्म झाल्यावर दोनी बाजूंनी एक महिना."

"बरोबरच हाय की. दोगांना सारखंच."

सारखंच! मला हसूच आलं, आणि रागही. त्याच्या जाण्यानं कंपनीची एक खुर्ची रिकामी होणार, आणि कंपनीनं काढल्यावर आमची चूल. पण ते मी त्या दिवशी बोलले नाही, कारण सासरे समोर होते. मी पुढचं वाक्य वाचलं आणि तिथे मात्र अडकले. सहा महिन्यांनंतर काम समाधानकारक वाटलं, हजेरी ठीक असली आणि कंपनीच्या डॉक्टरानं वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरवलं, तर लेखी पत्र देऊन कन्फर्म करण्यात येईल. असं लेखी पत्र मिळेपर्यंत तुम्ही प्रोबेशनवरच आहात असं धरलं जाईल. आणि कंपनीला आवश्यक वाटल्यास प्रोबेशन वाढवता येईल.

किती वाढवता येईल, ते लिहिलेलं नव्हतं. किती वेळा, तेही नाही. मी ते वाक्य तीनतीनदा वाचलं. आमचे वकील भाडेकरारात कुठेही "वाढवता येईल" आलं की पेन्सिलीनं गोल करायचे आणि विचारायचे, कधीपर्यंत?

"सहा महिने झाले म्हनून आपोआप कायम होत नाय," मी म्हणाले. "पत्र मिलालं तरच."

सासरे म्हणाले, "मीठ काढायला मला कोनी पत्र दिलं व्हतं? दिवाली झाली की मुकादम दारात येऊन उबा ऱ्हायचा. 'या' म्हनायचा. तेवड्यावर जलम गेला. मानसाचा शब्द बगायचा."

आमच्याकडे असंच होतं, ते खोटं नाही. आगरात कोणाला किती वाटा, मिठाच्या वाफ्यांच्या कुठल्या कोंडीवर कोण, सगळं तोंडी चालायचं, आणि मुकादमानं दिलेला शब्द फिरवला तर गावात त्याला कोणी पाणी विचारत नसे. पण मुकादम आमच्याच आळीत राहायचा. कंपनी कुठल्या आळीत राहते, हे सासऱ्यांना कोण सांगणार?

नवरा पत्र घेऊन रोह्याला विचारायला गेला, तेही मी डोकं खाल्लं म्हणून. कंपनीच्या पर्सोनेल खात्यातल्या माणसानं सांगितलं, हे छापील पत्र आहे, सगळ्यांना तेच देतो, एकट्यासाठी ओळ बदलता येणार नाही. त्याच्या खात्याचा मॅनेजर मात्र भला निघाला. तो इकडचाच, कोलाडकडचा. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अरे, आपली मानसं आपन कशाला काढू? सहा महिने मन लावून काम कर, पुढचं माझ्यावर सोड." नवरा घरी आला तो तरंगतच. मी विचारलं, हे त्यांनी लिहून दिलं का? तो चिडला. "तू त्या वकिलाकडं काम करून करून सगल्यांना आरोपी समजतेस," म्हणाला.

कामगारांचं वेगळं असतं, हे मला वकिलांनी सांगितलं. कामगारांना युनियन असते, कायद्यानं ठरलेले नियम असतात. ऑफिसर म्हटलं की तो साहेब, आणि साहेबाला फक्त त्याचं पत्र. हुद्दा वाढला आणि आधार गेला, हे मला त्या दिवशी कळलं. पण पेणच्या कारखान्यात त्यानं महिन्याची नोटीस आधीच देऊन टाकली होती. मालकाला वाईट वाटलं, आणि त्यानं दुसरा माणूस लगेच शोधलाही. होळीनंतर नवरा रोह्याला रुजू झाला. आधी कंपनीच्या डॉक्टरानं त्याला तपासलं. छातीचा फोटो, रक्त, लघवी, सगळं झालं. डॉक्टरानं कागदावर 'फिट' लिहिलं. खाडीत पोहून वाढलेला माणूस, त्याला काय होणार होतं?

पहिले महिने बरे गेले. पहाटे पेणच्या स्टँडवर कंपनीची बस यायची, नागोठण्यावरून रोह्याला जायची. तो घरी आला की अंगाला एक आंबटसर वास असायचा. मी कपडे वेगळे भिजवायचे. त्या पाण्यात हात घातला की नखांच्या कडा चुरचुरायच्या. मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "केमिकल कंपनी हाय, अत्तराची नाय." असली उत्तरं त्याला पटकन सुचायची. मलाही आवडायची, तेव्हा.

सहावा महिना लागला आणि गणपती आले.

आमच्याकडे गणपतीला रजा मागायची पद्धत नाही. हे बाहेरच्यांना खरं वाटणार नाही, पण या जिल्ह्यात कोणीच मागत नाही. माणूस "गणपतीला चाललो" असं सांगतो, आणि समोरचा "जा" म्हणतो, कारण त्यालाही त्याच्या गावाला जायचं असतं. गौरी-गणपतींचं विसर्जन होऊन माणसं परत आली की मग कामं सुरू. आमच्या घरचा गणपती थोरल्या मुलानंच बसवायचा, म्हणजे नवऱ्यानं. आणि आरतीला शंखही त्यानंच फुंकायचा. त्याचा शंख पार खाडीच्या बंधाऱ्यावर ऐकू जायचा. एकदा सुरू झाला की लांबत जायचा, आणि पोरं तोंडाकडे बघत राहायची, आता थांबतो की मग थांबतो.

मी आठवडाभर आधी त्याला रजेचा अर्ज टाइप करून दिला. पत्राच्या सहाव्या कलमात होतं, प्रोबेशनमध्ये लेखी पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहू नये. तो अर्ज घेऊन गेला आणि संध्याकाळी तसाच परत घेऊन आला. टेबलावर ठेवून म्हणाला, "दिला नाय."

"का?"

"कोलाडच्या साहेबांना बोललो, गनपतीला जातो. ते म्हनाले, 'जा की, विचारतोस काय? मी पन निगालोच.' त्याच्यावर अर्ज काडून पुढं करू? सही द्या म्हनू? त्यांना काय वाटंल? आमचा शब्द पुरत नाय का तुला, असंच ना?"

सासऱ्यांनी मान डोलावली. "बरोबर केलंस," म्हणाले. "जा म्हनल्यावर कागद मागायचा म्हंजे तोंडावर थुकायचं."

मला इतका संताप आला की मी करंज्यांचं सारण करपवलं. दोघांच्या बोलण्यात खोट कुठेच नव्हती, हेच मला सोसेना. मिठागरात हे वागणं शंभर टक्के बरोबर ठरलं असतं. मी एकटीच त्या घरात वेगळ्या कायद्यानं जगत होते. गौरी आल्या, जेवणं झाली, झांजा वाजल्या, नवऱ्याचा शंख बंधाऱ्यापर्यंत गेला, आणि मी आरतीत टाळ्या वाजवताना सहाव्या कलमातलं ते वाक्य मनात परत परत म्हणत होते. देवासमोर उभं राहून मी त्याच्याकडे अर्जाची सही मागत होते, दुसरं काही नाही.

विसर्जनानंतर तो कामावर गेला. सगळं सुरळीत. साहेब हसून बोलला, प्रसादही मागितला. सहा महिने पुरे झाले. सासरे पुन्हा पेढ्यांचं बोलायला लागले. मी म्हटलं, पत्र येऊ दे. मग एका संध्याकाळी तो आला, बूटही न काढता ओटीवर बसला आणि पाकीट माझ्या हातात दिलं. त्याला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं यायचं, तरी म्हणाला, "वाच."

विनापरवानगी गैरहजेरी लक्षात घेता व कामगिरीचं अधिक निरीक्षण आवश्यक असल्यानं, कलम चारप्रमाणे आपलं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवण्यात येत आहे.

"आनि साहेब?" मी विचारलं.

"साहेब म्हनाले, मला आठवतंय मी जा बोललो व्हतो. पन पर्सोनेलवाले कागद मागतात. मी काय दाखवू?" तो बुटाची नाडी सोडायला लागला. "ते खोटं नाय बोलले गो. खरंच वाईट वाटलं त्यांना."

सासरे खांबाला टेकून ऐकत होते. ते उठले आणि बंधाऱ्याकडे चालू लागले. त्यानंतर त्यांनी शब्दाची गोष्ट आमच्या घरात परत काढली नाही.

माझा नवरा बदलला तो तिथून. आधी तो घरी येऊन कंपनीतल्या गमती सांगायचा. आता सांगायचा ते एवढंच, आज साहेब काय म्हणाले आणि कशा सुरात म्हणाले. समाधानकारक काम म्हणजे काय, ते पत्रात कुठे लिहिलं होतं? ते साहेबाच्या मनात होतं, आणि साहेबाचं मन वाचायला मला टायपिंग पुरणार नव्हतं. दुसऱ्याची शिफ्ट असली तरी थांब म्हटलं की तो थांबायचा. रविवारी बोलावलं की जायचा. आणि जे कन्फर्म झालेले ऑफिसर करायचे नाहीत, तेही करायचा.

त्याच्या खात्यात एका जुन्या टाकीच्या झाकणाशी ॲसिडची वाफ सुटायची. झाकणाची फट बुजवणारं पॅकिंग बदलायचं तर प्लँट बंद ठेवावा लागला असता. तिथे जाऊन शिफ्टमधून काही वेळा तपासायला लागायचं. तोंडाला लावायचे मास्क होते, पण त्यांच्या आतल्या गाळण्या संपलेल्या, नवीन मागवल्यात असं म्हणायचे. कन्फर्म ऑफिसर वरती लेखी नोंद पाठवायचे, मास्क मिळाल्याशिवाय जाणार नाही. नवऱ्याला मी म्हटलं, तुम्ही पण पाठवा. त्यानं नकाराची मान हलवली. कलम चार आता माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ होतं. सात दिवस, कारण न देता.

तो ओला रुमाल तोंडाला बांधून जायचा. मला हे माहीत झालं ते रुमालांवरून. धुतल्यावरही ते जाळीसारखे विरायला लागले. एक दिवस मी रुमाल हातात धरून फाडला, नुसत्या दोन बोटांनी, आणि तो त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, रुमालाचं हे होतंय, आत काय होत असंल? तो म्हणाला, "मार्चपर्यंत. येकदा पत्र हातात आलं की मी पन नोंद पाठवीन."

मार्चमध्ये पत्र आलं. सुधारणा समाधानकारक आहे, तथापि आणखी सहा महिने. किती वेळा, ते कलमात लिहिलेलं नव्हतंच. मी वकिलांना दाखवलं. त्यांनी "वाढवता येईल"वर पेन्सिलीनं गोल केला आणि पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "सोडायचा असेल तर सोडू दे त्याला. सात दिवसांत सुटेल." सुटून जायचं कुठे? पेणची जागा भरलेली, आणि वर्षभर प्रोबेशनवरच राहिलेल्या माणसाला पुढचा मालक पहिलं काय विचारणार, हे मलाही कळत होतं. त्याच्या खोकल्याला तोवर सुरुवात झाली होती. रात्री तो उठून बसायचा, आणि सासरे आतून विचारायचे, पानी देऊ काय?

त्या वर्षी त्यानं गणपतीच्या रजेचा अर्ज महिनाभर आधी दिला, स्वतःच्या हातानं लिहून. त्यावर शेरा आला, कामाची निकड पाहता नामंजूर. गणपती धाकट्या दिरानं बसवला. शंख देव्हाऱ्यातच राहिला. दिरानं एकदा फुंकून पाहिला, नुसतीच हवा आली आणि पोरं हसली. सासऱ्यांनी आरती चालू असताना दोनदा दाराकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. मला माहीत होतं तो त्या वेळी कुठे असेल, तोंडाला काय बांधून.

आणि मग गणपतीनंतर साहेबानं त्याला बोलावून हात मिळवला. काम समाधानकारक, हजेरी पूर्ण. कन्फर्मेशनची फाईल वर पाठवलीय, आता फक्त मेडिकल. नवरा त्या दिवशी येताना पेढे घेऊन आला. स्वतः आणले त्यानं. मी एक खाल्ला. देवाशपथ सांगते, त्या एका संध्याकाळी मीही कलम विसरले.

कंपनीच्या त्याच डॉक्टरानं छातीचा फोटो काढला. मग एका यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं. जोरात, अजून जोरात, पुन्हा एकदा. नवरा सांगत होता, डॉक्टर तिसऱ्या वेळेला त्याच्याकडे न बघता आकड्याकडेच बघत राहिला. मग म्हणाला, सिगरेट ओढता का? यानं आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. डॉक्टरानं पहिल्या वेळचा 'फिट' लिहिलेला कागद फाईलमधून काढला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि फाईल बंद केली.

त्यानंतर आलेल्या पत्रात मेडिकलचा शब्दही नव्हता. कलम चारनुसार आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे, सात दिवसांच्या नोटिशीऐवजी वेतन सोबत. कारण द्यायची गरज नव्हती, ते मीच त्याला पहिल्या दिवशी वाचून दाखवलं होतं. वकील म्हणाले, आजार कंपनीत झाला, अशी केस करता येईल, पण सिद्ध करायला वर्षं जातील, आणि मास्क नव्हता म्हणून तुमच्या माणसानं एकदाही लिहून दिलेलं नाही. मी त्यांच्यासमोर टाइपरायटरवर डोकं टेकून रडले. रागानं रडले. त्यानं लिहून दिलं नाही, कारण लिहून दिलं असतं तर आधीच काढलं असतं, हे कुठल्या कोर्टात टाइप करायचं?

नंतर तो पेणला एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेबाला लागला. मालक तोंडी बोलला, उद्यापासून या. तो गेला.

पुढच्या गणपतीला त्याला कोणाची परवानगी लागणार नव्हती. दुकानच बंद होतं. गणपती त्यानंच बसवला, पूजा त्यानंच केली, मधे मधे थांबत. आरती सुरू झाली तसं सासऱ्यांनी सवयीनं शंख उचलून त्याच्या हातात दिला. पोरं तोंडाकडे बघायला लागली. त्यानं शंख ओठांना लावला, डोळे मिटले, छाती भरून घेतली. आतून एक शिट्टीसारखा बारीक आवाज आला, तो शंखातून नव्हता, त्याच्या छातीतून होता. त्यानं पुन्हा एकदा फुंकलं. मग खोकला आला, आणि त्यानं शंख खाली घेऊन सदऱ्याला पुसला आणि सासऱ्यांकडे परत दिला.

म्हातारा तो शंख दोन्ही हातांत धरून उभा राहिला. आरती म्हणायची कोणी थांबवली नाही. मी झांजा जोरात वाजवल्या, इतक्या जोरात की धाकट्या दिरानं वळून पाहिलं.